बी-१२ ची इंजेक्शनं झाली, तरी हिमोग्लोबिन घसरतच होतं

फाइलमध्ये दोन वर्षांतले रक्ताचे चार रिपोर्ट होते. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी काढलेले. मी ते तारखेप्रमाणे ओळीनं लावले तेव्हा हिमोग्लोबिनचे आकडे असे निघाले: १३.६, १२.४, ११.१ आणि आता ८.९. पुरुषात १३ च्या खाली आणि स्त्रीमध्ये १२ च्या खाली गेलं की त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात. सत्तरीतही रेषा तीच राहते, वयाची सूट मिळत नाही. सुटा बघितला तर पहिला रिपोर्ट चांगला आणि दुसरा ‘थोडासाच कमी’. चारही एकत्र पाहिले की मात्र सरळ उतार दिसत होता.

पेशंट ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम रोज. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. शिवाय गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक. ही गोळी त्यांनी औषधांच्या यादीत सांगितलीच नव्हती, ‘दुखण्यावर काय घेता’ असं वेगळं विचारल्यावर निघाली. वयस्कर माणसांना हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो, कारण दुखण्याची गोळी त्यांच्या लेखी औषधात धरलीच जात नाही.

जिना चढताना धाप लागते, एवढीच तक्रार होती. स्टेंटचा पेशंट म्हणून आधी हृदयाकडे बघितलं गेलं. ईसीजी आणि इको ठीक निघाले. “अहो डॉक्टर, दोन महिने झाले, रोज बीट किसून देतेय, खजूर देतेय, तरी यांचा चेहरा पांढराच,” काकू म्हणाल्या. “सगळे म्हणतात वयानं होतं.”

आठ महिन्यांपूर्वी, हिमोग्लोबिन ११.१ असताना, कारण शोधलं गेलं होतं आणि ते सापडलंही होतं. बी-१२ फक्त १४० होतं. घर शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, ज्यानं बी-१२ चं शोषण कमी होतं. निदान बरोबर, इंजेक्शनंही योग्य. महिन्याभरात हिमोग्लोबिन ११.६ झालं आणि फाइल बंद झाली. त्यानंतर धाप वाढेपर्यंत कुणी ते तपासलं नाही.

खरी गोष्ट लाल पेशींच्या सरासरी आकारात, म्हणजे एमसीव्हीत, लपलेली होती. आठ महिन्यांपूर्वी एमसीव्ही ८८ होता, अगदी नॉर्मल. आता तो ७४ झाला होता. बी-१२ कमी पडलं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी पडलं की लहान होतात. दोन्ही एकदम कमी असलं की सरासरी मधोमध येते आणि रिपोर्ट निर्दोष दिसतो. बी-१२ ची भरपाई झाली, मोठ्या पेशी गेल्या आणि मागे लोहाची कमतरता उघडी पडली. आठ महिन्यांपूर्वीच्याच रिपोर्टमध्ये आरडीडब्ल्यू १८ होता. पेशी एकसारख्या आकाराच्या नाहीत हे हा आकडा सांगतो, आणि साधारण साडेचौदाच्या पुढे गेला की थांबून बघायला हवं. या वेळी प्लेटलेटही साडेचार लाखांच्या वर होत्या. लोह कमी असताना आणि रक्त जात असताना त्या बऱ्याचदा वाढतात.

फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारा आकडा, आलं ४१. लॅबनं छापलेली नॉर्मल रेंज ३० ते ४००, म्हणजे समोर बाण नाही, ठळक अक्षर नाही. ही रेंज वयस्कर, आजारी माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही. शरीरात कुठेही दाह असला की फेरिटिन आपोआप वर चढतं, आणि यांचं सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारा आकडा, १४ होतं. १५ च्या खाली फेरिटिन म्हणजे लोह संपलंय, यात वाद नाही. पण अशा पेशंटमध्ये ४५ च्या खालचं फेरिटिनही मी कमतरताच धरते, आणि १०० पर्यंत असलं तरी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती लोह बसलंय ते, पाहिल्याशिवाय सोडत नाही. ते २० टक्क्यांच्या वर हवं. यांचं ८ टक्के होतं. हे नमुने लोहाची गोळी सुरू करण्याआधीच घ्यायचे. गोळी सुरू असताना, किंवा रक्त चढवल्यानंतर, आकडे गढूळ होतात.

बाकीची कारणंही तपासली. म्हातारपणातल्या अ‍ॅनिमियाची ढोबळ वाटणी अशी आहे: एक मोठा हिस्सा लोह, बी-१२, फोलेट यांच्या कमतरतेचा, दुसरा किडनीचा आणि संधिवातासारख्या जुनाट आजारांचा, आणि उरलेला असा की ज्याचं कारण साध्या तपासण्यांत सापडत नाही. त्या शेवटच्या गटात काहींच्या अस्थिमज्जेतच दोष असतो. यांचं क्रिएटिनिन, थायरॉइड, प्रथिनं ठीक होती. स्मिअरमध्ये, म्हणजे रक्त काचेवर पसरून पेशी पाहिल्यावर, अस्थिमज्जेच्या आजाराची खूण नव्हती. कोकणात किंवा भातशेतीत अनवाणी वावरणारा माणूस असता तर हुकवर्म हा आतड्यात रक्त शोषणारा जंत माझ्या यादीत वर असता. इथे तसं काही नव्हतं.

मग लोह गेलं कुठे? पुरुषाला, किंवा पाळी गेलेल्या बाईला, लोह घालवायला दुसरी वाट जवळपास नसतेच. रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह अन्नातून शोषलं जातं आणि तेवढंच झडणाऱ्या पेशींबरोबर जातं. आता हिशोब करा. हिमोग्लोबिन १२ असताना एक मिलिलिटर रक्तात सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. आतड्यातून रोज १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, रक्त झिरपलं तर ४ मिलिग्रॅम लोह गेलं. शरीर थोडं जास्त शोषून घेतं, तरी रोज दोनेक मिलिग्रॅमची तूट राहते. वर्षाला ती सातशेच्या आसपास जाते, आणि पुरुषाचा साठा साधारण ५०० ते १००० मिलिग्रॅम असतो. वर्ष-दीड वर्षात साठा संपतो. ही गळती बीट-खजुरानं भरून निघणं शक्यच नाही.

आणि हे दोन चमचे कुणाला दिसत नाहीत. शौचाला डांबरासारखं काळं व्हायला एका वेळी ५० ते १०० मिलिलिटर रक्त पडावं लागतं. त्यामुळे “शौचातून रक्त जातं का?” या प्रश्नाला काकांनी दिलेलं “नाही” हे उत्तर खरं असूनही निरुपयोगी होतं. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ऑकल्ट ब्लड तपासणी त्यांनी आधीच करून आणली होती, निगेटिव्ह. रक्त रोज सारखं झिरपत नाही, नमुना एकाच दिवसाचा असतो, आणि पोटातलं किंवा लहान आतड्यातलं रक्त खाली येईपर्यंत पचून जातं. पॉझिटिव्ह आली तर ती तपासणी वाट दाखवते. निगेटिव्ह आली म्हणून लोहाची कमतरता सिद्ध झालेल्या माणसाची दुर्बीण टाळता येत नाही.

आधी वरची दुर्बीण झाली, म्हणजे गॅस्ट्रोस्कोपी. जठराला सूज, काही ओरखडे, एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी पॉझिटिव्ह. मुलगा फोनवर म्हणाला, “मग सापडलं ना? अ‍ॅस्पिरिन आणि ती गुडघ्याची गोळी.” सुटकेचा सूर होता, आणि तो स्वाभाविक होता. पण अशा ओरखड्यांनी हिमोग्लोबिन जवळपास पाच ग्रॅमनं उतरत नाही, आणि अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत असे ओरखडे सर्रास दिसतात. अ‍ॅस्पिरिन बऱ्याचदा आधीपासून असलेल्या जखमेतून रक्त वाहायला लावतं, म्हणून त्यावर खापर फोडून थांबायचं नाही. वर जठराचा कर्करोग किंवा सिलिअ‍ॅक हा गव्हातल्या ग्लुटेननं लहान आतडं बिघडवणारा आजार सापडला नाही तर मोठं आतडं बघायचंच, असा साधा नियम आहे. सिलिअ‍ॅकसाठी लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेतले होते, ते ठीक आले.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीत, सगळं काही पोट साफ होण्यावर अवलंबून असतं. सुरू केलेली लोहाची गोळी सात दिवस आधी थांबवली, कारण तिच्यामुळे मळ काळा आणि चिकट होतो. अ‍ॅस्पिरिन चालू ठेवलं, स्टेंटच्या माणसात ते परस्पर बंद करायचं नसतं. साफ करायचं औषध दोन हप्त्यांत, अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं सकाळी तपासणीच्या चार ते सहा तास आधी. काकांनी सकाळचा हप्ता मळमळलं म्हणून अर्ध्यावर सोडला. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या उजव्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, पोचली, पण तिथे तळाला तपकिरी पाणी साचलेलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘नॉर्मल’ लिहिलं नाही, ‘उजवी बाजू नीट दिसली नाही’ असं लिहिलं आणि एका दिवसाआड पुन्हा बोलावलं. रिपोर्ट हातात आला की हेच बघायचं असतं: दुर्बीण सीकमपर्यंत गेली का, अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो आहे का, सफाई कशी होती.

दुसऱ्या खेपेला सीकममध्ये चार सेंटिमीटरची, मधे व्रण पडलेली गाठ दिसली. हात लागताच तिच्यातून रक्त येत होतं. बायोप्सीत कर्करोग निघाला. उजव्या बाजूचं आतडं रुंद असतं आणि तिथला मळ पातळ, म्हणून गाठ वाढली तरी अडथळा येत नाही, पोट दुखत नाही, रक्त मळात मिसळून जातं. महिनोन्‌महिने तिचं एकमेव लक्षण म्हणजे घसरणारं हिमोग्लोबिन. लोहाची कमतरता असलेल्या पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत जवळपास दहातल्या एकाला पचनमार्गाचा कर्करोग सापडतो.

छाती-पोटाच्या सीटीत कुठे पसरलेलं दिसलं नाही. छातीत दुखत नव्हतं आणि हिमोग्लोबिन आठच्या वर होतं, म्हणून रक्त चढवलं नाही. ऑपरेशनपर्यंत थोडाच वेळ हातात होता, त्यामुळे लोह शिरेतून दिलं: फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅम सलाइनमधून पंधरा मिनिटांत, आणि आठवड्यानं आणखी ५००. ऑपरेशनच्या दिवशी हिमोग्लोबिन १०.८ होतं. उजव्या बाजूचं आतडं काढलं. गाठ भिंतीच्या स्नायूपलीकडे गेलेली, पण तपासलेल्या सतरा लसिकाग्रंथींपैकी एकीतही आजार नव्हता.

दोन्ही दुर्बिणी निर्दोष आल्या असत्या तर? मग लोह रोज एक गोळी, चहापासून लांब. दोन आठवड्यांत एक ग्रॅम वाढ अपेक्षित, आणि हिमोग्लोबिन भरल्यावरही तीन महिने चालू. नंतर दर काही महिन्यांनी तपासणी. पुन्हा घसरलं तर लहान आतड्यासाठी कॅप्सूल एंडोस्कोपी. काही वृद्धांत तिथे किंवा उजव्या आतड्यात फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्या सापडतात, विशेषतः महाधमनीची झडप अरुंद असेल तर. अंथरुणाला खिळलेल्या, कर्करोग सापडला तरी उपचार झेपणार नाहीत अशा नव्वदीच्या माणसाला मात्र मी कोलोनोस्कोपीचा आग्रह धरत नाही. तिथे घरच्यांशी बोलून सीटी किंवा नुसतं लोह, एवढ्यावर थांबणंही योग्य असतं.

काकांची डायक्लोफिनॅक बंद झाली, एच. पायलोरीचा कोर्स झाला, अ‍ॅस्पिरिन आणि बी-१२ चालू आहेत. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन १३.१ होतं. एका वर्षानं पुन्हा कोलोनोस्कोपी ठरली आहे. फोनवरच्या त्या मुलाचं वय ४४. आईवडिलांपैकी एकाला हा कर्करोग झाला असेल तर चाळिशीपासून तपासणी सुरू करायची असते, म्हणून त्याचीही तारीख घेतली आहे.