गुड्डीची वही आणि चौथा

आज मसाल्याची ऑर्डर पॅक करायला बसले तर काटाच सापडेना. मग आठवलं, तो तर महिनाभरापासून गुड्डीकडेच आहे. दप्तराजवळ ठेवलेला दिसला, बाजूला तिची ती वही, चाळली तर चाळतच बसले, ऑर्डर राहिली बाजूला. म्हणून आज हेच लिहून ठेवते.

जानेवारी लागला तेव्हाची गोष्ट. मागच्या खोलीत कापूस भरलेला होता, छताला हात लागेल इतका, भाव वाढतील म्हणून यांनी ठेवलेला, आमच्या यवतमाळकडे प्रत्येकाच्या घरी हेच असते. आमची मांजर मनी दोन दिवस गायब आणि तिसऱ्या दिवशी गुड्डी ओरडत आली, "आई वं, कापसात पिल्लं हायेत, चार!" यांनी पहिला प्रश्न काय विचारला तर "कापूस किती खराब झाला?" किलोभर काढून फेकावा लागला, रक्ताचा. त्यापुढं मात्र पिल्लं तिथं होती तोवर एक बोंडभर कापूस घाण झाला नाही, ते का तेही वहीत आहे. पिल्लांना स्वतःहून शी-सू होतच नाही, मनी चाटते तेव्हाच होते आणि ती ते सगळं चाटून साफ करून टाकते. गुड्डीनं हे रात्री जेवताना वाचून दाखवलं. सासूबाईंनी ताट सरकवलं.

वही म्हणजे शंभर पानी, मागच्या वर्षीची अर्धी उरलेली, उलट्या बाजूनं सुरू केलेली. रोज सकाळी सातला, शाळेआधी, मनीला तव्यावरची भाकर आणि दूध दिलं की ती इकडं येते, तेवढ्यात गुड्डी तिकडं जाते. हात धुऊन, काट्यावर पोह्याच्या डब्याचं झाकण, त्यात जुना पायमोजा, बटन दाबून शून्य करायचं आणि मग एक एक पिल्लू. नावं द्यायची नाहीत असं सासूबाईंनी बजावलेलं, नाव दिलं की जीव लागते म्हणे. म्हणून खुणेनं लिहिलेलं, काळं, पट्ट्याचं, तीन रंगाचं, आणि चौथं मातकट, त्याला काही खूणच नव्हती म्हणून नुसतंच चौथं. ते चौथं दोन दिवसात "चौथा" झालं, म्हणजे नाव पडलंच.

पहिल्या दिवशी काळं 102, पट्ट्याचं 96, तीन रंगाचं 94, चौथा 86 ग्रॅम. मी म्हटलं बापा, आपल्या तिखटाच्या पुडीएवढं पिल्लू! तेव्हा मला हसू आलं होतं.

वहीतलं मला सगळ्यात आवडलेलं पान म्हणजे मनीच्या पोटाचं चित्र. आठ गोल, दोन रांगा, आणि प्रत्येक गोलाजवळ कोण पितंय ते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काळं रोज मागच्या डाव्या गोलावर, पट्ट्याचं त्याच्या शेजारी, म्हणजे डोळे बंद, कानानं ऐकू येत नाही आणि तरी आपली जागा बरोबर शोधते. मनी घुरघुरते ना, तेही त्यांना ऐकू येत नाही, अंगाला कंप लागते तेवढाच. गुड्डी एका पिल्लाच्या पाठीवर बोट ठेवून बसली होती आणि म्हणे "आई, हेही घुरघुरते, आतून, मोबाईल सायलेंटवर असल्यासारखं." मी बोट ठेवून पाहिलं. खरंच.

पण चित्रात चौथ्याची जागा रोज वेगळी होती. आज पुढं, उद्या मधात, एकदा नुसतंच प्रश्नचिन्ह. मोठी तिघं त्याला ढकलून देत असतील हे आत्ता चित्र पाहून कळते, तेव्हा कोणी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गुड्डी म्हणाली, "आई, चौथा कमी झाला." 86, मग 87, मग 84. मी चुलीवर होते, मी म्हटलं "काट्यात फरक पडते, दोन-तीन ग्रॅमचं काय एवढं." ती गेली आणि आमची शंभर ग्रॅमची पुडी घेऊन आली, पाकिटासकट ती नेहमी 104 भरते हे तिला पॅकिंगला बसून बसून पाठ आहे. तिनं पुडी ठेवली, 104. काढून पुन्हा ठेवली, 104. मग चौथ्याला ठेवलं, 84. काही बोलली नाही, वहीत लिहिलं, "काटा बरोबर आहे." बाकीची तिघं तेवढ्याच दिवसात वीस-पंचवीस ग्रॅमनं वाढलेली. मला तेव्हाच लक्षात यायला पाहिजे होतं, पण हळदीच्या वाटणाचं काम होतं त्या दिवशी. जाऊ द्या.

चौथ्या दिवशी 81. आणि मनी बाहेर गेलेली असताना तो तिघांच्या गोळ्यातून बाजूला पडलेला, आधी म्हणे बारीक चिरक्या आवाजात ओरडत होता, मी गेले तेव्हा तेही बंद. उचलला तर हातात ओला कापूस धरल्यासारखा, गार. गुड्डीनं करंगळीचं टोक त्याच्या तोंडात घातलं आणि माझ्याकडं पाहिलं. "तोंड आतून पण थंड हाय."

सासूबाईंनी लगेच गाईचं दूध कोमट करायला घेतलं, मी कापसाची वात वळायला घेतली. कापूस काय, घरभर होता! आणि वात वळता वळता मला माझं ते जुनं पिल्लू आठवलं. माहेरी, मी आठ-नऊ वर्षांची असेन, असंच एक गार पडलेलं पिल्लू मी मांडीवर उताणं घेऊन, बाळाला घेतात तसं, वातीनं दूध पाजलं होतं. नाकातून दूध आलं, दोनदा शिंकलं, आणि संध्याकाळी गेलं. आजी म्हणाली नजर लागली. एवढी वर्षं मी नजरच समजत होते.

गुड्डीनं मात्र मला पाजू दिलं नाही, माझ्याच फोनवरून तालुक्याच्या ढोरांच्या डॉक्टरला फोन लावला, गोठ्यातल्या गाईसाठी त्यांचा नंबर सेव्ह होताच. स्पीकरवर ठेवला. डॉक्टर म्हणाले, थांबा, थेंबही देऊ नका. पिल्लू गार असलं की त्याचं पोट चालतच नाही, दूध आत पडून नासते, आणि गिळायची ताकद नसली तर ते सरळ फुफ्फुसात जाते. आधी गरम करा, तेही हळूहळू, चुलीपुढं धरू नका. तोंड आतून कोमट लागलं आणि बोट चोखलं की मगच पाजायचं, आणि पाजायचं तर आईलाच लावा, आई आहे ना, गाईच्या दुधानं हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला हगवण पेलत नाही. मी हळूच विचारलं, उताणं घेऊन पाजलं तर? म्हणाले, कधीच नाही, पालथंच, आईखाली असते तसं.

मी वात चुलीत टाकली.

त्याला ब्लाऊजच्या आत, छातीशी धरून मी दीड तास बसले. कोल्ड्रिंकच्या बाटलीत गरम पाणी भरून यांच्या जुन्या धोतराच्या दोन पदरात गुंडाळून तेही बाजूला. पंधरा-वीस दिवसांचं होईपर्यंत या पिल्लांना स्वतःची ऊब धरताच येत नाही, म्हणून ती एकमेकांवर चढून झोपतात, आणि जो त्या गोळ्यातून बाहेर पडला तो गारठतो, गारठला की प्यायची ताकद जाते, नाही प्यायला की आणखी गारठतो. थंडी पण काय होती त्या आठवड्यात, सकाळी अंगणात शेकोटी लागतच होती. हे विचारायला आले की जेवण कुठाय, मी म्हटलं आज पिठलं तुम्ही करा. केलं हो त्यांनी! गाठी झाल्या होत्या, पण केलं.

तासाभरानं पोटाजवळ काहीतरी हललं. दीड तासानं गुड्डीनं बोट घातलं आणि त्यानं ते धरलं. जीभ खरखरीत नव्हती, ओल्या कागदासारखी. मग आम्ही तिघांना दुरडीत, बाटलीजवळ, गोधडी टाकून वेगळं ठेवलं आणि मनीला एकटा चौथा लावला, मागच्या गोलावर, काळ्याच्या जागेवर, कारण तिथं दूध भरपूर असावं असा गुड्डीचा हिशोब. वीस मिनिटं. मनी दुरडीकडं मान करून ओरडत होती पण उठली नाही. रात्री अकरापर्यंत दर दोन तासांनी हेच, मग मध्यरात्री एकदा मी, पहाटे एकदा गुड्डी. मनीला त्या दिवसापासून अंडंही सुरू झालं, उकडलेलं, कारण चौघांचं दूध ती कुठून आणणार. सासूबाईंनीच दिलं, कोणाला सांगू नको म्हणाल्या.

पाचवा दिवस, 83. सहावा, 89. सातवा, 97. वहीत 97 भोवती गोल केलेला आहे, लाल पेननं. त्याच दिवशी काळं 176 होतं, म्हणजे जवळपास दुप्पट, पण त्याच्याभोवती गोल नाही.

नवव्या दिवशी पट्ट्याचा एक डोळा उघडला, एकच, नाकाकडच्या कोपऱ्यातून चीर पडल्यासारखा, आत निळं. चौथ्याचे तेराव्या दिवशी. गुड्डी तोपर्यंत रोज पापणीवर सूज आहे का, पू येतो का ते बघत होती, ते डॉक्टरनं सांगितलेलं.

मग अठराव्या दिवशी यांनी कापूस विकायला काढला. गाडी सकाळी येणार, आणि मी म्हटलं पिल्लं आपण टोपलीत घालून हलवू. पण रात्रीच मनीनं खोली रिकामी केली. गुड्डी रडून रडून लाल, "मीच हात लावला म्हणून नेली तिनं." सासूबाई म्हणाल्या, "अवं पोरी, मांजर सात घरं फिरवतेच पिल्लायले, तुझ्या हातानं जायची तर पह्यल्याच दिवशी गेली असती." वहीत दोन पानं कोरी आहेत तिथं. तारीख घातलेली, खाली काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी यांना गोठ्यामागं तुराट्यांच्या ढिगात सापडली. चारही. गुड्डीनं तेव्हा काटा नेला नाही, लांबून नुसतं मोजलं, चार, आणि मनी बाहेर जायची-यायची वेळ लिहिली. आठवडाभर तेवढंच. मग पिल्लं स्वतःच बाहेर येऊन अंगणात धडपडायला लागली तेव्हा काटा पुन्हा गेला.

शेवटच्या पानावर कालची तारीख आहे. काळं 440, पट्ट्याचं 425, तीन रंगाचं 410. चौथ्यापुढं आधी 310 लिहून खोडलंय, मग 340 लिहून खोडलंय, आणि त्याच्यापुढं, "झाकणात बसत नाही. पळाला."

काटा घेतला शेवटी. झाकणाला केस लागलेले होते, धुतलं. वीस पुड्या झाल्या, तीस बाकी आहेत.