माटोळी लॉग ४: नारळाच्या शेंडीला चिकटलेला निळा काठ

मागच्या लॉगमध्ये केळ्याचा घड आणि चिबूड कापून झाले होते, ते दोन्ही गुळगुळीत काठाचे त्यामुळे फार त्रास नव्हता. ज्यांनी पहिले भाग वाचले नाहीत त्यांच्यासाठी एका ओळीत, चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगून बांधतात त्या माटोळीतली आणि तिच्या खालच्या मांडणीतली एकेक वस्तू वेगळा फोटो काढून बॅकग्राउंडपासून कापायची आणि सगळ्या मिळून एक मोठं चित्र करायचं असं चाललंय. या वेळी आला नारळ, सोललेला पण शेंडी ठेवलेला, आणि या एका नारळाने माझे तीन आठवडे घेतले.

फोटो पडवीत काढलाय. बाहेर धो धो पाऊस, खाली ओल म्हणून निळी ताडपत्री अंथरलेली आणि तिच्यावरच नारळ ठेवला. तेव्हा वाटलं होतं की तपकिरी वस्तू, निळं बॅकग्राउंड, सिलेक्शन एकदम सोपं जाईल. सिलेक्शन सोपं गेलंच, पण कापलेला नारळ चित्रातल्या पिवळसर भिंतीवर ठेवला तर शेंडीच्या प्रत्येक काथ्याभोवती निळी-जांभळी रेघ. आई मागून बघत होती, ती लगेच म्हणाली, "अरे, हो नाल्ल निळो कित्याक दिसता?" म्हणजे झूम न करता, चार फुटांवरूनसुद्धा कळत होतं.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला, गिंप या फोटो एडिटरमध्ये `Select > Shrink` करून 2 पिक्सेल आत. नारळाच्या गोल काठावर ते चाललं. शेंडीवर मात्र नाही, कारण काथ्याचा एकेक धागा या फोटोत जेमतेम 3 ते 4 पिक्सेल जाड आहे, दोन्ही बाजूंनी 2-2 पिक्सेल खाल्ले की धागाच गायब. शेंडी कात्रीने छाटल्यासारखी दिसायला लागली. मग `Lock alpha` लावून ब्रशने तपकिरी रंग काठावर मारून बघितला, त्याने निळा जातो खरा पण सगळे धागे एकाच रंगाचे, प्लास्टिकसारखे होतात, उजेडाकडचा धागा सोनेरी आणि आतला काळपट हा फरकच मरतो.

तेव्हा जरा थांबून काठाच्या पिक्सेलमध्ये नक्की काय असतं ते बघितलं. काठावरचा पिक्सेल हा थोडा धागा आणि थोडी ताडपत्री असतो, कॅमेऱ्याने दोघांचा उजेड एकत्र मोजलेला असतो. आपण मास्क, म्हणजे कुठला पिक्सेल किती दिसेल ते ठरवणारा थर, लावतो तेव्हा त्या पिक्सेलला 40 टक्के दिसणारा करतो, पण त्याच्या रंगात 60 टक्के ताडपत्री तशीच बसलेली असते. म्हणजे पारदर्शकता बरोबर, रंग चुकीचा. मास्क कितीही सुरेख केला तरी हे जाणार नाही, कारण मास्क रंगाला हातच लावत नाही. हेच मिश्रणाचं गणित पोर्टर आणि डफ यांनी 1984 च्या त्यांच्या पेपरात मांडलं होतं, आपल्याला फक्त ते उलटं फिरवायचंय. C म्हणजे फोटोतला रंग, B ताडपत्रीचा, a मास्कची किंमत 0 ते 1, आणि F म्हणजे आपल्याला हवा असलेला धाग्याचा खरा रंग:

```
C = a*F + (1-a)*B
F = (C - (1-a)*B) / a
```

एक पिक्सेल हातानेच सोडवून बघितला, त्याने जेवढं समजलं तेवढं दहा व्हिडिओंनी समजलं नसतं. फक्त निळा चॅनेल घेतला. ताडपत्रीचा निळा 190, उजेडाच्या सरळ मापात तो 0.515 होतो. पिक्सेलमध्ये मोजलेला निळा 0.33, मास्क 0.4. म्हणजे 0.33 मधून 0.6 गुणिले 0.515, म्हणजे 0.309 वजा, उरले 0.021, भागिले 0.4, आले 0.0525. परत नेहमीच्या 0-255 मापात 65. आणि त्याच धाग्याच्या जाड भागात, जिथे ताडपत्रीचा संबंधच नाही, तिथे निळा 65 च्याच आसपास होता! त्या रात्री झोप उशिरा लागली.

आता ते "सरळ माप" काय, कारण इथे बहुतेक जण अडकतात आणि मीही अडकलो होतो. फोटो फाइलमधले 0-255 आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यांना एक वाक दिलेला असतो, आणि लेन्समधून उजेड मिसळतो तो मात्र सरळ. हेच गणित मी आधी वाकलेल्या आकड्यांवरच केलं तर तिथे निळा 65 ऐवजी 100 च्या वर येत होता, म्हणजे निळसर झाक अर्धीमुर्धी राहणार आणि आपण उगाच मास्कला दोष देत बसणार. गिंप 2.10 मध्ये करत असाल तर `Image > Precision` मध्ये 32 बिट फ्लोटिंग पॉइंट आणि लिनियर लाइट करून घ्या. मी मास्क गिंपमध्ये बनवला आणि वजाबाकी पायथॉनमध्ये केली, आधी सगळं लिनियर करून.

दुसरी गोष्ट मास्कच्या किमतीची. त्याच पिक्सेलला मास्क 0.4 ऐवजी 0.5 दिला तर निळा 106 येतो, काठ निळसर राहतो. 0.3 दिला तर उत्तर शून्याच्या खाली जातं, सॉफ्टवेअर त्याला शून्यावर अडवतं, आणि मग निळाच न उरल्यामुळे धागा भडक केशरी-पिवळा होतो. ही खूण फार कामाची आहे. वजाबाकीनंतर काठाला बॅकग्राउंडचाच रंग उरला तर तिथे मास्क जास्त आहे, काठ उलट्या रंगाचा झाला तर मास्क कमी आहे. माझ्या शेंडीत टोकाकडे पिवळे ठिपके आणि बुंध्याशी निळसर धूर असं दोन्ही होतं, कारण मास्क मी मऊ ब्रशने अंदाजे रंगवला होता. मग मास्क नव्यानेच काढला: धाग्याच्या जाड भागाचा रंग आणि जवळच्या ताडपत्रीचा रंग, या दोघांच्या मधल्या रेषेवर पिक्सेल कुठे पडतो ते मोजायचं, तीच त्याची किंमत. धागे तपकिरी आणि ताडपत्री निळी, दोघांत भरपूर अंतर असल्यामुळे हे जमलं, हिरवा घड हिरव्या गवतावर असता तर अजिबात जमलं नसतं.

तिसरं, भागाकार. मास्क 0.05 असलेल्या पिक्सेलमध्ये जी काही बारीक चूक असेल ती 20 पट होते, त्यामुळे शेंडीच्या अगदी बाहेरच्या कडेला लाल-हिरवे कण चमकत होते. अशा पिक्सेलचा खरा रंग शोधायचा हट्टच सोडला आणि त्याला शेजारच्या भरीव धाग्याचा रंग दिला. इतक्या कमी दिसणाऱ्या पिक्सेलचा रंग थोडा इकडचा तिकडचा असला तरी डोळ्याला कळत नाही.

```python
A = a[..., None]
F = np.clip((C - (1 - A) * B) / np.maximum(A, 0.15), 0, 1)
_, (y, x) = distance_transform_edt(a < 0.9, return_indices=True)
F = np.where(A < 0.15, F[y, x], F)
```

(`distance_transform_edt` हे `scipy.ndimage` मधलं. 0.15 हा आकडा माझ्या फोटोपुरता, फोटो जास्त नॉइजी असेल तर वाढवावा लागेल.)

B साठी, म्हणजे शेंडीच्या मागे ताडपत्री कशी दिसली असती त्यासाठी, मी शहाणपणाने नारळ उचलून तोच फोटो परत काढला होता, ट्रायपॉड न हलवता. वरच्या भागात छान चालला. खाली मात्र नारळाच्या बुडाशी पिवळी कड आली आणि दोन संध्याकाळी मी मास्कच दुरुस्त करत बसलो. कारण वेगळंच होतं, नारळ ठेवलेला असतो तेव्हा त्याची सावली ताडपत्रीवर पडते, रिकाम्या फोटोत ती सावली नाही, त्यामुळे तिथे मी होती त्यापेक्षा जास्त निळी वजा करत होतो. बुडाजवळ मग रिकामा फोटो सोडला आणि मूळ फोटोतलीच कडेची ताडपत्री आत पसरवून, थोडी ब्लर करून वापरली. पिवळी कड गेली.

एवढं करूनही नारळाचं पोट खालून निळसर दिसत होतं आणि तिथे वजाबाकीचा काहीच परिणाम नव्हता. कर्सर नेऊन मास्क बघितला तर पूर्ण 1. म्हणजे तिथे मिश्रण नाहीच, ताडपत्रीवरून उडालेला उजेड खरोखर करवंटीवर पडलाय. हा वेगळा रोग आहे आणि याला वेगळं औषध: करवंटी तपकिरी आहे, तिच्यात निळा हिरव्यापेक्षा जास्त असायचं काही कारण नाही, म्हणून खालच्या अर्ध्या भागापुरता निळ्याला हिरव्याच्या मर्यादेत बांधलं, `min(B, G)`, इथे B आणि G हे चॅनेल. त्याने तो भाग किंचित काळवंडला, तेवढा उजेड परत वाढवला. पूर्ण वस्तूवर हे लावू नका, वरच्या बाजूला आभाळाची जी थंड चकाकी आहे तीही मेली आणि नारळ मातीचा वाटायला लागला, लगेच मागे घेतलं.

अजून एक उरलंय. काही धाग्यांच्या आत, जिथे मास्क 1 आहे आणि खालून उजेडही येत नाही, तिथेही निळा एखाद-दोन पिक्सेल शिरलेला आहे. तो जेपेगमुळे, फोनच्या जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा अर्ध्या रिझोल्यूशनने साठवतात, म्हणून शेजारच्याचा रंग धाग्यात झिरपतो. 3-4 पिक्सेलच्या धाग्याला ते फार होतं. हे गणिताने नीट सुटत नाही, रॉ मध्ये काढायला हवा होता. तो नारळ आता फुटून सोलकढीत गेला, त्यामुळे या धाग्यांवर जाड भागाचा रंग `Color` मोडच्या ब्रशने हलका फिरवला, उजेड-सावली तशीच राहते.

तपासायला मी तीन बॅकग्राउंड ठेवलेत, पांढरा, काळा आणि ताडपत्रीच्या उलटा म्हणून केशरी. पांढऱ्यावर गडद कड दिसते, काळ्यावर उजळ, आणि केशरीवर उरलेला निळा लपतच नाही. काल रात्री नारळ तिन्हींवर 400 टक्के झूमला बघितला, शेंडीच्या डाव्या बाजूला दोन धागे अजून जांभळट आहेत, बाकी स्वच्छ. आईला काहीच न सांगता चित्र दाखवलं, ती तवशाकडे, म्हणजे काकडीकडे, बोट दाखवून म्हणाली की हे जरा मोठं कर.

पुढचा सुपारीचा घड. या वेळी रॉ, करड्या चादरीवर, आणि चादरीपासून हातभर वर टांगून, म्हणजे सावलीही पडणार नाही आणि खालून रंगही उडणार नाही. पाऊस दोन तास उघडला की काढतो.