काकूंच्या सोलरचा फोटो

आज संध्याकाळी शाहूपुरीतल्या काकूंनी इन्व्हर्टरचा फोटो पाठवला. E-Today 12.4 kWh. खाली मेसेज: "12.4 गुणिले 30, म्हणजे 372 युनिट. 12 रुपयांनी साडेचार हजार वाचणार ना रे?"

मी म्हटलं, काकू, आज ऊन कडक होतं, या एका दिवसावरून महिना धरू नका. बटण दाबून E-Total, म्हणजे बसवल्यापासूनची एकूण वीज बघा. तिथं 1,650 निघाले. सोलर बसून 150 दिवस झालेत, म्हणजे रोजचे सरासरी 11 आणि महिन्याचे 330 युनिट. तेही कोरड्या महिन्यांचे. आपल्याकडच्या जुलैत आकडा बराच खाली येतो.

मग जुनं बिल काढायला लावलं. वापर 240 युनिट, रक्कम 2,600. वापरच 240 चा असेल तर 330 युनिटचे पैसे कसे वाचतील? शिवाय पहिल्या 100 युनिटचा दर बराच कमी असतो, सगळ्याला 12 लावून चालत नाही. स्थिर आकार तर भरावाच लागतो. त्यामुळं बचत 2,400 च्या आसपास. उरलेले 90 युनिट नेट मीटरिंगमध्ये पुढं जमा होतात, ते पावसाळ्यात वळते होतील.

काकूंनी लगेच कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली 1,650 लिहून ठेवलं. पुढच्या महिन्यात याच तारखेला पुन्हा बघून वजाबाकी करणार आहेत.