दुकानात भरलेले तीस हजार

"काकू, ते तुमचं आणि दुकानाचं." टाईल्सच्या दुकानात मी भरलेल्या तीस हजारांबद्दल आठ दिवस ठेकेदाराकडून हे वाक्य ऐकत होते. काम संपून दीड महिना झाला, तरी ते आठवलं की अजून संताप होतो.

सहकारनगरमधला आमचा जुना टू-बीएचके. फरशी बदलली, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग केलं, रंग दिला. काम चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. ठेकेदाराने शेवटी बिल आणून दिलं 2,14,300 रुपयांचं. खाली "ॲडव्हान्स वजा 90,000, बाकी 1,24,300". बाथरूम, प्लंबिंग आणि रंग मिळून 1,32,000 होते. ते आधी ठरल्याप्रमाणेच होते, म्हणून त्यांच्यात गेले नाही. गडबड सगळी फरशीच्या चार ओळींत होती.

पहिली ओळ: टाईल्स 620 चौरस फूट, 58 रुपये दराने 35,960. मी टेप घेऊन खोल्या मोजल्या. हॉल, दोन बेडरूम आणि पॅसेज मिळून 442 भरले. मग 620 कुठून आले? लगेच फोन करणार होते, पण थांबले ते बरं झालं, कारण स्कर्टिंग मी धरलंच नव्हतं. भिंतीलगतची चार इंची पट्टी त्याच टाईल्समधून कापली होती. 150 फूट लांबीला ती 50 चौरस फूट खाते. म्हणजे 492. त्यावर तुटफूट आणि कापाकापीचे दहा टक्के धरले तर 541. सरळ बसवलेल्या फरशीला एवढी घट पुरते, तिरकी बसवली तर जास्त लागते.

आता खोके. दोन बाय दोनची टाईल म्हणतात ती खरी 600 मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार टाईल्सच्या खोक्यात 16 नव्हे, साडेपंधरा चौरस फूट भरतात. त्या हिशोबाने 35 खोकी. एक खोकं मी मुद्दाम माळ्यावर ठेवून घेतलं आहे, कारण पुढे एखादी टाईल फुटली तर तीच छटा पुन्हा मिळत नाही. झाली 36. बिलात 40. उरलेली चार कुठे गेली, ते मला दुकानात कळलं.

दुकानात जायची वेळ आली ती "तुमचं आणि दुकानाचं" या वाक्यामुळे. टाईल्स घ्यायच्या दिवशी ठेकेदार म्हणाला होता, "काकू, माझ्याकडे आत्ता पैसे नाहीत, दुकानात तुम्हीच तीस हजार टाका, बिलात बघू." मी तिथेच उभ्या उभ्या यूपीआयने 30,000 भरले. पन्नास हजार काम सुरू होताना त्याच्या खात्यावर दिले होते, चाळीस हजार मधे रोख दिले होते. एकूण 1,20,000. बिलात वजा फक्त 90,000.

विचारलं तर उत्तर ठरलेलं. पैसे दुकानाला दिले, मला नाही, मग माझ्या ॲडव्हान्समध्ये कसे धरू? ऐकायला बरोबर वाटतं. मी स्वतः एक रात्र त्याच घोळात होते. मग बिलाची पहिली ओळ पुन्हा वाचली. टाईल्सचे पूर्ण 35,960 त्याने स्वतःच्या बिलात लावले होते. दुकानाचे पैसे माझे आणि दुकानाचे असतील, तर टाईल्सही माझ्या आणि दुकानाच्या, त्या ओळीतून काढ. ओळ ठेवायची असेल तर माझे तीस हजार वजा कर. दोन्हीपैकी एक. हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही, फक्त म्हणाला, "दुकानदार अजून माझ्याकडे पैसे मागतोय."

ते खरं निघालं. शनिवारी सकाळी दुकानात गेले. दुकानदार आधी म्हणाला, खातं त्यांच्या नावावर आहे, तुम्हाला दाखवता येणार नाही. मी म्हटलं, खातं नका दाखवू, पैसे माझ्या बँकेतून आलेत, त्यांची पावती द्या. मोबाईलवर तो व्यवहार उघडून बारा आकडी यूटीआर नंबर त्याच्यासमोर धरला. त्याने वही काढली, तेव्हा उलगडा झाला. माझे तीस हजार त्याच तारखेला ठेकेदाराच्या नावावर जमा होते, पण दुसऱ्या कुठल्या साईटची जुनी बाकी होती, तिच्यात ते वळते झाले होते. आमच्या टाईल्स उधारीतच. त्याच पानावर खाली "4 खोकी परत" अशी नोंद आणि तेवढे पैसे ठेकेदाराच्या नावे जमा. टेम्पोतून राडारोडा गेला त्या दिवशी खोकीही गेली होती. मला वाटलं होतं फुटक्या टाईल्स आहेत.

दुकानदाराने पावतीवर रक्कम, तारीख, यूटीआर नंबर, "अमुक यांच्या खात्यात जमा" आणि चार खोकी परत आल्याचं लिहून दिलं. कोणी दुकानात परस्पर पैसे भरायला सांगितलं, तर पावतीवर आपलं नाव आणि साईटचा पत्ता त्याच क्षणी लिहून घ्या. तेवढं केलं असतं तर माझा आठवडा वाचला असता. रोख चाळीस हजारांचं भांडण झालं नाही, कारण ते देताना माझ्या डायरीत त्याची सही घेतली होती.

दुसरी ओळ फरशी बसवण्याची मजुरी, तीही 620 फुटांवर, 32 रुपयांनी. खोक्यातल्या फुटांवर मजुरी नसते, बसवलेल्या फुटांवर असते. कापून फेकलेला तुकडा गवंड्याने बसवलेला नाही. स्कर्टिंगची मजुरी तिसऱ्या ओळीत वेगळी होतीच, 150 फुटांचे 2,700, ती योग्य होती. म्हणजे इथे 442 फूट हवेत.

चौथी ओळ हजेरी: गवंडी आणि बिगारी, 14 दिवस, दोघांचे मिळून दिवसाला 1,700. गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये 13 दिवस निघाले. चौदावा रविवार होता, आणि आमच्या सोसायटीत रविवारी काम चालत नाही. पण खरी चूक त्या एका दिवसात नव्हती. तेरापैकी सहा दिवस ती माणसं फरशी बसवत होती. मी रोज संध्याकाळी फोटो काढत होते, त्यामुळे कुठल्या तारखेला काय चाललं होतं ते दिसत होतं. ज्या कामाचे पैसे फुटावर घेतले, त्याच दिवसांची हजेरी पुन्हा लावता येत नाही. जुनी फरशी फोडणं, भिंतीचे पॅच भरणं, असल्या कामांचे सात दिवस मी मान्य केले.

मग एका कोऱ्या कागदावर मांडलं. परत गेलेल्या खोक्यांचे 3,596, जास्तीच्या 178 फुटांच्या मजुरीचे 5,696 आणि सात दिवसांच्या हजेरीचे 11,900, मिळून 21,192 कमी. बिल उरलं 1,93,108. त्यातून 1,20,000 वजा, बाकी 73,108. आधी बिल दुरुस्त केलं आणि मगच ॲडव्हान्स वजा केला. ॲडव्हान्सचे तीन हप्तेही तीन वेगळ्या ओळींत, तारखेसकट लिहिले.

तो आला, चहा घेतला, दुकानाची पावती दोनदा वाचली. हजेरीवर थोडा अडला, तेव्हा फोटो दाखवले. तीस हजारांवर मात्र काहीच बोलला नाही. नवीन बिल लिहून त्यावर "पूर्ण हिशोब मिळाला" लिहून सही केली आणि मी त्याच्यासमोर 73,108 त्याच्या खात्यावर पाठवले. जाताना म्हणाला, "काकू, दुकानाचं मी बघतो." मी म्हटलं, "तेच तर मी आठ दिवस सांगत होते."