पेनल्टी बरोबर, जागा चुकीची

आज कोल्हापुरातल्या एका फुटबॉल सामन्याचा व्हिडिओ लावून रेफरीचा गुणतक्ता भरला. उत्तरार्धात पेनल्टी आणि पिवळं कार्ड. पब्लिक लाल कार्डासाठी ओरडत होतं. पण बचावपटू पेनल्टी क्षेत्रात बॉलसाठीच गेला होता, म्हणजे हुकमी गोलची संधी हिरावली तरी पिवळंच. निर्णयाला पूर्ण गुण.

मग नेमका टॅकलच्या क्षणी व्हिडिओ थांबवला. रेफरी तीसेक मीटर मागे, दोघांच्या सरळ पाठीशी. पाय आधी बॉलला लागला की घोट्याला, हे तिथून दिसणारच कसं? चार पावलं डावीकडे सरकला असता तर दोघांमधली फट दिसली असती. जागेचे गुण कापले.

कॅप्टनला मात्र "बॉलसाठी गेला, म्हणून पिवळं" एवढंच सांगून त्याने घोळका पांगवला. हे झकास!