इंदूरच्या औषधदुकानासाठी मराठी चिठ्ठ्या: ‘अख्खी गिळा’पर्यंत पोहोचताना

आमच्या भागात मराठी घरं बरीच आहेत. तरुण मंडळी हिंदी सहज वाचतात, आजी-आजोबांना मात्र मराठी बरी वाटते. म्हणून औषधदुकानासाठी मी काही सूचनांच्या मराठी चिठ्ठ्या तयार केल्या. एक चिठ्ठी दोन बोटं रुंद, जास्तीत जास्त चार ओळींची. इंग्रजीत तीन शब्दांत असलेली गोष्ट मराठीत आणताना सगळ्यात जास्त वेळ मेटफॉर्मिन ईआर या मधुमेहाच्या गोळीनं खाल्ला.

ईआर म्हणजे ‘एक्स्टेंडेड रिलीज’. त्याचा पहिला मसुदा होता ‘दीर्घकाळ चालणारी गोळी’. मराठी म्हणून वाक्य ठीक, पण वाचणाऱ्यांनी दोन भलतेच अर्थ काढले: ही गोळी पुष्कळ वर्षं घ्यायची, किंवा हिची एक्स्पायरी लांबची आहे. ‘हळू काम करणारी’ लिहिलं तर गुण उशिरा येईल असं वाटलं. उशिरा औषध सोडणारी गोळी वेगळी असते. ती पोटात तशीच राहून आतड्यात सुटते, आणि तिला इंग्रजीत ‘डिलेड रिलीज’ म्हणतात. दोन्हींसाठी एकच मराठी शब्द वापरला तर चूक तिथेच होते. शेवटी नाव द्यायचा हट्ट सोडला आणि गोळी काय करते तेच लिहिलं: ‘ही गोळी पोटात थोडं थोडं औषध सोडते.’ ‘दिवसभर’ मुद्दाम टाळलं, कारण असल्या काही गोळ्या बारा तासांच्याही असतात.

‘डू नॉट क्रश’ तर आणखी फसवं. ‘चिरडू नका’ म्हटलं की डोळ्यासमोर रस्त्यावरचा अपघात येतो. ‘कुटू नका’ वाचून लोकांना खलबत्ता आठवतो, आणि तो न वापरता ते गोळी दोन चमच्यांमध्ये दाबतात नाहीतर वाटीभर पाण्यात विरघळवतात. त्यांच्या मते त्यांनी कुटली कुठे? म्हणून आधी काय करायचं ते, मग काय करायचं नाही ते, असा क्रम ठेवला:

‘गोळी अख्खी गिळा. फोडू, चुरू, चावू किंवा पाण्यात विरघळवू नका.’

मेटफॉर्मिन ईआर बहुधा रात्रीच्या जेवणाबरोबर, दिवसातून एकदा असते. ती चुरली तर सगळा डोस एकदम सुटतो. मळमळ आणि जुलाब वाढतात, आणि पुढच्या तासांसाठी औषध उरत नाही. गिळताच येत नसेल, तर ‘डॉक्टरांना सांगा’ ही ओळ हवीच. साधी मेटफॉर्मिन मिळते, पण तिच्या वेळा वेगळ्या असतात, त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

याच चिठ्ठीवर शेवटची ओळ आली ती दुकानातल्या प्रश्नांमुळे. काही जणांना शौचात गोळीसारखं दिसतं, औषध लागूच पडलं नाही असं वाटतं आणि ते दुसरी गोळी घेतात. खरं तर ते रिकामं झालेलं आवरण असतं. म्हणून: ‘शौचात गोळीचं आवरण दिसलं तर घाबरू नका, औषध अंगात गेलेलं आहे. जादा गोळी घेऊ नका.’

ही चिठ्ठी सगळ्या ईआर गोळ्यांवर चिकटवून चालत नाही. रक्तदाबावरच्या मेटोप्रोलोल सक्सिनेटच्या ईआर गोळीला बहुधा मधे रेघ असते आणि ती रेघेवरून अर्धी करता येते, चुरता किंवा चावता मात्र येत नाही. तिथे ‘फोडू नका’ चूक ठरेल. औषधाच्या माहितीपत्रकात पाहूनच शब्द ठरवावा.

‘कीप रेफ्रिजरेटेड’ तुलनेनं सोपं वाटलं होतं, पण ‘थंड जागी ठेवा’ या भाषांतरानं घोटाळा केला. थंड जागा म्हणजे माठाशेजारचा कोनाडा, असा अर्थ मे महिन्यात इंदूरला अगदी स्वाभाविक. माठ खोलीपेक्षा गार असतो, पण २ ते ८ अंश काही होत नाही. आणि इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या मानकांच्या ग्रंथात ‘कूल’ म्हणजे ८ ते २५ अंश, फ्रिजमधला गारवा तो वेगळाच. म्हणून न उघडलेल्या इन्सुलिनसाठी सरळ ‘फ्रिजमध्ये ठेवा, २ ते ८ अंश’.

पुढे ‘गोठवू नका’ होतं. वाचणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही कशाला गोठवू? कुणी मुद्दाम गोठवत नाही. कुपी फ्रीझरखालच्या कप्प्यात मागच्या भिंतीला चिकटते आणि आपोआप गोठते. तेव्हा लिहिलं, ‘फ्रीझरमध्ये नको, मागच्या भिंतीला टेकवून नको. एकदा गोठलं की वितळलं तरी वापरू नका.’ त्याखाली ‘उघडल्याची तारीख’ म्हणून मोकळी जागा. बऱ्याच इन्सुलिनला उघडल्यावर २८ दिवसांची मर्यादा असते, पण सगळ्यांना नाही, म्हणून दिवसांचा आकडा छापला नाही. पॅक पाहून तो पेनानं लिहितात.

तपासणीची पद्धत एकच ठेवली. इंग्रजी न पाहिलेल्या माणसाच्या हाती चिठ्ठी द्यायची. ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात, म्हणून ‘आता घरी जाऊन काय कराल, सांगा’ असं विचारायचं. उत्तर चुकलं तर पुन्हा शब्द बदलायचा. ‘चुरू’पर्यंत यायला पाच मसुदे लागले.