वेळ, वार आणि पाने

परवा दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागतो न लागतो तोच भाचीचा निरोप आला : "मामा, एवढं मराठी तपासून दे ना." ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून इन्स्टाग्रामवर गच्चीवरच्या बागेचे एक पान चालवतात आणि त्यावर कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांशी थेट प्रश्नोत्तरे ठेवली होती. मजकूर असा होता : "उद्या संध्याकाळी ७ वाजता भेटूया लाईव्ह! लिंबू-मोसंबीचे सगळे प्रश्न विचारा!" मराठीत चूक म्हणावी अशी एकही नव्हती, तरीही माझी झोप गेली.

ह्या "उद्या"शी माझे जुने वैर आहे. मजकूर लिहिणाऱ्याचा उद्या हा वाचणाऱ्याचा आज असतो, आणि तोच मजकूर चार दिवसांनी एखाद्या गटात फिरत आला की लोक भलत्याच संध्याकाळी फोन समोर धरून बसतात. म्हणून मी आधी "रविवार, १ नोव्हेंबर" असे लिहिले. तारखेबरोबर वार लिहिण्याचा फायदा असा की तारखेत चूक झाली तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि कोणीतरी विचारते. वेळेपुढे "भारतीय वेळ" हेही घातले, कारण न्यू जर्सीतली माझी चुलत बहीण ही प्रश्नोत्तरे न चुकता बघते. त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे आपले संध्याकाळचे ७ म्हणजे तिचे सकाळचे साडेनऊ होते ते त्या दिवसापासून साडेआठ होतात. ती सवयीने साडेनऊला चहा घेऊन बसली असती, तर पाऊण तासाचा कार्यक्रम केव्हाच आटोपलेला असता. शिवाय इन्स्टाग्रामवर मजकुराच्या सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात आणि उरलेले बोट लावल्याशिवाय उघडत नाही. तेव्हा वार, तारीख आणि वेळ पहिल्या ओळीत नेली व उद्गारचिन्हे खाली पाठवली. भाचीला ते आवडले नाही.

पण खरी अडचण "प्रश्न विचारा" ह्या दोन शब्दांत होती. कुठे, कधीपर्यंत आणि कसे, ह्यांतले त्यात काहीच नव्हते. एका प्रश्नाला तीन मिनिटे धरली तरी पाऊण तासात पंधराच प्रश्न होतात, आणि "लिंबाची पाने पिवळी पडतात, उपाय सांगा" ह्या प्रश्नाला कितीही मोठा तज्ज्ञ उत्तर देऊ शकत नाही. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडलेले असते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह किंवा जस्त मिळत नसते, आणि चुनखडीच्या मातीत ते मातीत असूनही मिळत नाही. पानावर चंदेरी नागमोडी रेघ असेल तर ती नागअळी, तिथे खत घालून काय होणार? म्हणून मी पुढे लिहिले : "प्रश्न शनिवारी रात्री ९ पर्यंत खालील क्रमांकावर व्हॉट्सॲपने पाठवा. झाड कुंडीत आहे की जमिनीत, किती वर्षांचे आहे आणि पिवळी पाने जुनी आहेत की कोवळी, ते लिहा. पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो दिवसाउजेडी काढा." शेवटचे वाक्य भाचीला जाचक वाटले, पण पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत धडधाकट पानही आजारी दिसते.

हे लिहिताना मला आमच्या ओसरीवरचा रेडिओ आठवत होता. शेतीविषयक कार्यक्रमाच्या शेवटी निवेदिका "आता पत्ता लिहून घ्या" म्हणत, आणि नेमक्या त्याच क्षणी घरातल्या साऱ्या पेन्सिली नाहीशा होत. वडील "अरे, कोळसा आण, कोळसा" असे ओरडत. त्या बाईंना हे कसे कळत असे कोण जाणे, पण त्या थोड्या थांबून "पुन्हा एकदा सांगते" म्हणत आणि पोस्टपेटीचा क्रमांक एकेक आकडा सुटा करून उच्चारत. भाचीचा तो व्हॉट्सॲप क्रमांक चित्रात होता, तिथून तो सहज उचलून घेता येत नाही. तो मी मजकुरात आणायला लावला, तो त्या बाईंच्या आठवणीखातर.

वडिलांनी त्या पत्त्यावर पंधरा पैशांचे कार्ड टाकले होते, परसातल्या लिंबाबद्दलच. महिन्याभराने त्यांचे नाव रेडिओवर आले, आम्ही सगळे श्वास रोखून बसलो, आणि तज्ज्ञ म्हणाले, "पिवळी पाने जुनी की नवी, ते कृपया कळवावे." वडिलांनी लगेच दुसरे कार्ड लिहायला घेतले. तोवर मृग बरसून गेला होता आणि झाडाने हिरवीगार पालवी धरली होती. ते अर्धे लिहिलेले कार्ड पुढे कित्येक वर्षे पंचांगात खूण म्हणून पडून होते.